हेतू, सपक्ष आणि विपक्ष : छोट्या युक्तिवादांतील तर्कदोष ओळखण्याविषयी

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे निरनिराळ्या परीक्षांना बसतात आणि त्यांपैकी अनेकांना एक प्रश्नप्रकार हटकून भेटतो. तीन-चार ओळींचा एक युक्तिवाद दिलेला असतो आणि विचारलेले असते : यात कोणता तर्कदोष आहे? पदवीच्या तत्त्वज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत हे उत्तर कारणांसह लिहावे लागते. अध्यापनक्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्यांना यूजीसी-नेटच्या पहिल्या पेपरात ते चार पर्यायांतून निवडावे लागते. या पेपरच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात तर्कावर एक स्वतंत्र घटक आहे. पाश्चात्त्य पद्धतीचे तर्कदोष आणि भारतीय परंपरेतील हेत्वाभास असे दोन्ही त्यात समाविष्ट आहेत.

या प्रश्नाची तयारी करताना मुले बहुधा दोषांच्या नावांची लांबलचक यादी पाठ करतात. आमच्या मते ही तयारी उलट्या टोकाकडून सुरू होते. नाव हे रोगाच्या नावासारखे असते. आधी दुखते कुठे ते कळावे लागते. यादी पाठ असलेला विद्यार्थी युक्तिवादात एखादा ओळखीचा शब्द दिसताच नाव चिकटवून मोकळा होतो आणि परीक्षकही नेमका तसाच सापळा रचतो. म्हणून या लेखात आम्ही यादी देणार नाही. युक्तिवादाचा सांधा कोठे निखळला आहे हे शोधण्याची एक जुनी रीत आहे, ती एका उदाहरणाच्या आधारे सविस्तर सांगणार आहोत.

हे उदाहरण कोणत्याही वसतिगृहात ऐकू येण्यासारखे आहे : 'या वसतिगृहातून जे जे अधिकारी झाले, ते सर्व पहाटे चारला उठून अभ्यास करीत. हा मुलगा पहाटे चारला उठतो. म्हणून हा अधिकारी होणार.'

प्रथम निष्कर्ष वेगळा काढावा. 'म्हणून', 'तेव्हा', 'यावरून' या शब्दांनंतर तो येतो. 'कारण' हा शब्द असेल तर निष्कर्ष त्याच्या आधी असतो. येथे निष्कर्ष आहे 'हा अधिकारी होणार'. त्यासाठी दिलेला हेतू आहे 'हा पहाटे चारला उठतो'. आता या हेतूपासून त्या निष्कर्षापर्यंत पोचायचे तर मध्ये कोणता पूल लागेल? 'जो जो पहाटे चारला उठतो, तो तो अधिकारी होतो' हा. आपल्या परंपरेत या पुलाला व्याप्ती म्हणतात. युक्तिवादात दिलेले विधान मात्र हे नाही. तेथे दिलेले आहे, 'जो जो अधिकारी झाला, तो तो पहाटे चारला उठत होता.' दोन्ही वाक्यांत शब्द तेच आहेत, पण दिशा उलटी आहे. पूल पलीकडून अलीकडे येण्यासाठी बांधलेला आहे आणि आपल्याला अलीकडून पलीकडे जायचे आहे.

दिशेतला हा फरक भरभर वाचताना निसटतो. तो पकडण्यासाठी एकच गोष्ट करावी. जे अधिकारी झाले नाहीत त्यांच्याकडे पाहावे. वसतिगृहात पहाटेची घंटा सर्वांसाठी एकच असते. अधिकारी झालेला मुलगा ज्या घंटेने उठला, त्याच घंटेने त्याच्या शेजारच्या खाटेवरचा, पुढे परीक्षेत अपयशी ठरलेला मुलगाही उठला. दूध घालणारे, वर्तमानपत्रे टाकणारे, ऊसतोडीला निघणारे हे तर चारच्याही आधी उठतात. म्हणजे पहाटे उठणे हे अधिकारी झालेल्यांत आढळते आणि न झालेल्यांतही आढळते. जे चिन्ह दोन्ही गटांत सापडते, ते कोण कोणत्या गटात जाईल हे सांगू शकत नाही. स्मरणिकांत आणि सत्कारसमारंभांत यशस्वी झालेल्यांचीच वर्णने छापली जातात, त्यामुळे दुसरा गट आपल्या नजरेसमोर येतच नाही, हेही येथे नमूद करायला हवे.

'दुसऱ्या गटाकडे पाहा' ही सूचना दीड हजार वर्षांपूर्वी नियम म्हणून मांडण्याचे श्रेय बौद्ध आचार्य दिङ्नागाला जाते. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेला हा 'प्रमाणसमुच्चया'चा कर्ता. ह्युएनत्संगाने महाराष्ट्रातील ज्या डोंगरातल्या संघारामाचे वर्णन केले आहे आणि ज्याला अभ्यासक अजिंठा मानतात, तेथे दिङ्नाग वारंवार येऊन राहत असे अशी नोंदही त्या प्रवाशाने केली आहे. दिङ्नागाने हेतूची तीन लक्षणे सांगितली. त्यांना त्रैरूप्य म्हणतात आणि परीक्षेच्या प्रश्नाला ती तीन साध्या प्रश्नांच्या रूपाने लावता येतात.

नेहमीचा दाखला घेऊ : 'पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे.' पहिला प्रश्न : धूर खरोखर त्या पर्वतावर आहे का? दुसरा प्रश्न : जेथे अग्नी असल्याचे आपल्याला आधीच माहीत आहे अशा ठिकाणी, उदाहरणार्थ स्वयंपाकघरात, धूर आढळतो का? अशा ठिकाणाला सपक्ष म्हणतात. तिसरा प्रश्न : जेथे अग्नी नाही हे माहीत आहे, जसे तळे, तेथे धूर कधीच आढळत नाही ना? हे ठिकाण म्हणजे विपक्ष. तीनही प्रश्नांना 'होय' असे उत्तर मिळाले तरच हेतू खरा. एकालाही 'नाही' आले, तर तो हेतूसारखा केवळ भासतो, म्हणून हेत्वाभास.

पहिल्या प्रश्नावर हेतू पडला तर तो असिद्ध. दूरच्या डोंगरावर जे दिसते ते धूर आहे की धुके याचाच निर्णय झालेला नसेल, तर त्यावरून अग्नी सिद्ध करता येणार नाही. बौद्ध न्यायग्रंथांत हा दाखला येतो आणि त्याला संदिग्धासिद्ध असे नाव आहे. 'हा साक्षीदार खोटे बोलणार नाही, कारण मी कधी खोटे बोलत नाही असे त्याने स्वतःच सांगितले आहे' हा युक्तिवादही पहिल्याच प्रश्नावर पडतो. त्याचे सांगणे विश्वसनीय आहे की नाही हाच तर वाद आहे आणि हेतू म्हणून तेच पुढे केले आहे. पाश्चात्त्य यादीत याला चक्राकार युक्तिवाद म्हणतात. वादातली गोष्ट प्रतिपक्षाला मान्य नसताना हेतू म्हणून वापरली की तो त्याच्या दृष्टीने असिद्धच ठरतो.

हेतू जर सपक्षात कोठेच नसेल आणि विपक्षातच आढळत असेल, तर तो विरुद्ध. 'शब्द नित्य आहे, कारण तो निर्माण केलेला आहे' हे याचे जुने उदाहरण. निर्माण केलेल्या वस्तू, म्हणजे घट वगैरे, अनित्यच दिसतात; तेव्हा हा हेतू बोलणाऱ्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. परीक्षेत हा प्रकार तुलनेने कमी येतो.

सर्वांत जास्त येतो तो तिसऱ्या प्रश्नावर पडणारा हेतू. तो सपक्षातही असतो आणि विपक्षातही शिरलेला असतो. दिङ्नागाच्या परंपरेत तो अनैकांतिक, न्यायदर्शनाच्या पाच हेत्वाभासांत सव्यभिचार. नेटच्या पर्यायांत बहुधा हा दुसरा शब्द असतो. आपले पहाटे चारचे उदाहरण येथलेच. पहिला प्रश्न ते पार करते, कारण मुलगा खरोखर उठतो, दुसराही पार करते, कारण अधिकारी उठत होते, तिसऱ्यावर कोसळते. ज्या युक्तिवादाचे पहिले दोन प्रश्न सुटलेले असतात तो ऐकायला पटतो आणि म्हणूनच प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना तो प्रिय असतो.

येथे एका घोटाळ्यापासून सावध करणे आवश्यक आहे, कारण चांगली मुलेही त्यात सापडतात. 'पहाटे उठणारा अधिकारी होतो' या विधानाला उत्तर देताना विद्यार्थी लिहितो : 'हे चूक आहे, कारण अमुक अधिकारी तर सकाळी आठला उठत असे.' हे उत्तर जागेवर बसत नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा धुराशिवाय अग्नी दाखवतो, पण म्हणून 'जेथे धूर तेथे अग्नी' हे विधान खोटे ठरत नाही. हेतू सर्व सपक्षांत असलाच पाहिजे असे दिङ्नागाने म्हटले नाही. काही सपक्षांत असला तरी चालतो. त्याच्या हेतुचक्रात नऊ शक्यता मांडल्या आहेत आणि त्यांपैकी दोनच ग्राह्य धरल्या आहेत : हेतू सर्व सपक्षांत आहे व विपक्षात मुळीच नाही, किंवा काही सपक्षांत आहे व विपक्षात मुळीच नाही. दोन्हींत विपक्षाची अट पूर्ण आहे. तेव्हा खंडन करायचे तर उशिरा उठलेला अधिकारी शोधू नये, पहाटे उठूनही अधिकारी न झालेला शोधावा.

आणखी एक मर्यादा सांगून पुढे जाऊ. 'मलेरियात थंडी वाजून ताप येतो; याला थंडी वाजून ताप आला आहे; म्हणून याला मलेरियाच झाला आहे' हा युक्तिवाद सदोष आहे, कारण असा ताप इतर आजारांतही येतो. पण त्याच दोन वाक्यांवरून डॉक्टरांनी 'म्हणून मलेरिया असू शकतो, रक्त तपासून घ्या' असे म्हटले, तर त्यात दोष नाही. आधारवाक्ये तीच आहेत. बदलली ती निष्कर्षाची मागणी. म्हणून निष्कर्षात 'च', 'नक्की', 'सर्व', 'कधीच नाही' असे शब्द आहेत की 'शक्य', 'बहुधा' आहेत, हे पाहिल्याशिवाय दोषाचा निर्णय देऊ नये.

आता ज्या युक्तिवादाने आपल्या समाजातील तरुणांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून गाठलेले असते, तो याच कसोटीवर घासून पाहू. तो साधारण असा असतो : 'निवड गुणवत्तेवर व्हायला हवी. हा अधिकारी राखीव जागेवर, कमी गुणांवर निवडला गेला. म्हणून याच्यात गुणवत्ता नाही आणि याच्या हाताखाली कामाचा दर्जा घसरणार.' हे ऐकून राग येणे स्वाभाविक आहे. पण रागाने दिलेले उत्तर परीक्षेतही चालत नाही आणि कचेरीतही फारसे चालत नाही. तेव्हा सांधा शोधू.

पहिल्या वाचनातच एक शब्द दोनदा आलेला दिसतो : गुणवत्ता. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यांना जोडून पाहिले, तर आधी तिचा अर्थ 'प्रवेशपरीक्षेतील गुण' असा आहे. शेवटी मात्र तिचा अर्थ 'काम करण्याची क्षमता' असा झाला आहे. मधल्या एका 'म्हणून'मध्ये शब्द तोच ठेवून अर्थ बदलला गेला. पाश्चात्त्य यादीत हा अनेकार्थतेचा दोष. ओळखण्याची रीत सोपी आहे : संशयित शब्दाच्या जागी प्रत्येक ठिकाणी त्याचा तेथला पूर्ण अर्थ लिहावा. तसे केले की युक्तिवाद असा उरतो : 'याला प्रवेशपरीक्षेत कमी गुण होते, म्हणून हा काम नीट करू शकणार नाही.' आता पूल उघडा पडला : 'ज्याला प्रवेशपरीक्षेत तुलनेने कमी गुण असतात, तो काम नीट करू शकत नाही.' हे विधान कोणीही दिलेले नव्हते. ते गृहीत धरले गेले होते. त्याला तिसरा प्रश्न विचारावा. ज्यांचे काम उत्तम आहे, त्यांच्यात कमी गुणांवर लागलेला कोणीच नाही का? प्रत्येक वाचक आपापल्या कचेरीत नजर टाकून याचे उत्तर देऊ शकेल. शिवाय किमान पात्रतेची अट ओलांडूनच निवड झालेली असते, ही गोष्ट 'कमी गुण' या शब्दांआड झाकली जाते ती वेगळीच.

या प्रश्नावर पाहणीही झालेली आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेची आकडेवारी तपासून २०१४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण वापरताना तोल ठेवला पाहिजे. 'रेल्वेत घट दिसली नाही, म्हणून राखीव जागेवरचा अमुक एक अधिकारी कार्यक्षम आहे' असे आपण म्हटले, तर समूहाचे लक्षण एका व्यक्तीवर लादण्याचा विभाजनाचा दोष आपल्याकडून घडतो. तो अधिकारी कार्यक्षम आहे की नाही, हे त्याच्या कामावरूनच ठरेल. समोरच्याच्या युक्तिवादाला लावलेली कसोटी आपल्या युक्तिवादाला लावताना हात आखडू नये.

एका शब्दाखाली दोन अर्थ दडवण्याची ही युक्ती उघडी पाडण्याचा आदर्श नमुना पाहायचा असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' वाचावे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण सभाच रद्द झाल्याने न झालेले हे भाषण त्यांनी १९३६ मध्ये स्वतः छापून प्रसिद्ध केले. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी आणि श्रमविभागणी तर प्रत्येक सुधारलेल्या समाजाला लागते, असे समर्थन तेव्हा केले जाई. बाबासाहेबांनी त्यातला फरक दाखवला : कामाची वाटणी ही एक गोष्ट, काम करणाऱ्या माणसांचीच बंदिस्त आणि वरखाली रचलेली वाटणी ही निराळी गोष्ट. पहिलीची उपयुक्तता दाखवून दुसरीचे समर्थन होत नाही. त्या पुस्तकाचा हा भाग तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने तर्काचा धडा म्हणूनही वाचावा असे आम्हांला वाटते.

काही दोष मात्र असे आहेत की त्यांत हेतू आणि निष्कर्ष यांचा सांधा शोधण्याआधी वादाचा विषयच बदललेला असतो. 'वसतिगृहातील भोजनाविषयी या पालकांची तक्रार ऐकू नका. त्यांनी तर गेल्या वर्षी शुल्कही उशिरा भरले होते.' निष्कर्ष भोजनाविषयी, हेतू पालकाविषयी. डाळ पातळ होती की नव्हती याचा शुल्काच्या पावतीशी संबंध नाही. हा व्यक्तीवर रोख धरण्याचा दोष, प्रश्नपत्रिकांतील 'ॲड होमिनेम'. त्याचा भाऊबंद म्हणजे समोरच्याचे म्हणणे वाकवून त्यालाच झोडपणे. पालकाने म्हटले, 'आठवड्यातून दोनदा अंडी द्यावीत'. उत्तर आले, 'मुलांना रोज मेजवानी द्यायला आमच्याकडे पैसे नाहीत.' मेजवानी कोणी मागितलीच नव्हती. हे ओळखायला एकच काम करावे : मूळ म्हणणे आणि ज्याचे खंडन झाले ते म्हणणे एकाखाली एक लिहून काढावे.

याच ठिकाणी परीक्षकाचा आवडता सापळा असतो. युक्तिवादात व्यक्तीचा उल्लेख आला की मुले लगेच 'ॲड होमिनेम' लिहितात. पण पुढचे वाक्य पाहा : 'या कंत्राटदाराच्या किराणा मालाच्या शुद्धतेबद्दल या गृहस्थांनी दिलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नये, कारण ते त्याच दुकानात भागीदार आहेत.' येथे निष्कर्ष मालाविषयी नाही, साक्षीवर विसंबण्याविषयी आहे आणि साक्ष देणाऱ्याचे हितसंबंध त्या प्रश्नाशी थेट निगडित आहेत. म्हणून यात दोष नाही. याच आधारावर 'म्हणून माल भेसळीचाच आहे' असे कोणी म्हटले असते, तर दोष झाला असता. तज्ज्ञांच्या हवाल्याचेही तसेच. हृदयरोगतज्ज्ञाचे मत हृदयाच्या विकाराविषयी दिले तर तो रास्त आधार. त्याच तज्ज्ञाचे मत धरणाच्या भिंतीच्या मजबुतीविषयी दिले तर तो दोष. एक पाऊल उचलले की घसरण सुरू होईल, असे सांगणारे सर्वच युक्तिवादही सदोष नसतात. प्रत्येक पायरीचे कारण दिलेले आहे की नुसते भय दाखवलेले आहे, यावर ते ठरते.

कारणांसह उत्तर लिहायचे असेल तेव्हा दोषाचे नाव शेवटी यावे. वर घेतलेल्या उदाहरणाचे उत्तर आम्ही विद्यार्थ्यांकडून असे लिहून घेतो : 'येथे निष्कर्ष असा की हा मुलगा अधिकारी होणार. हेतू असा की तो पहाटे चारला उठतो. निष्कर्षासाठी "पहाटे उठणारा प्रत्येक जण अधिकारी होतो" ही व्याप्ती हवी होती. दिलेले विधान त्याच्या उलट दिशेचे आहे. त्याच वसतिगृहात पहाटे उठूनही अधिकारी न झालेले विद्यार्थी असू शकतात, म्हणजे हेतू विपक्षातही आढळतो. म्हणून हेतू अनैकांतिक अथवा सव्यभिचार आहे.' सहा वाक्ये होतात. काही मुले याला सातवे वाक्य जोडतात : 'म्हणून हा मुलगा अधिकारी होणार नाही.' ते आम्ही खोडतो. युक्तिवाद सदोष आहे एवढेच सिद्ध झाले आहे. निष्कर्ष खोटा आहे असे नाही. तो मुलगा अधिकारी होईलही.